मेंटेनरला आभाराची चिठ्ठी: बग रिपोर्टच्याच शिस्तीत

साताऱ्यात बसून मराठी पानं लावणाऱ्या माणसाला ऱ्य या अक्षरावाचून एक दिवस काढता येत नाही. गावाचं नुसतं नाव लिहून भागलं असतं तर ठीक होतं, पण 'साताऱ्यात', 'साताऱ्याचा' म्हणायला गेलं की ते आलंच. त्यात आमच्याकडे येणारी निम्मी पत्रकं शेतकऱ्यांसाठी आणि उरलेली पुढाऱ्यांसाठी असतात. हा अर्धा ऱ म्हणजे य च्या डाव्या अंगाला पापणीसारखी वळलेली बारीकशी रेघ. ती चुकली की अर्थच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यांना पैसे द्या' ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत आणि लग्नघरात त्यांची अदलाबदल केलेली कुणालाच आवडत नाही.

मी वापरते त्या मुक्त फाँटमध्ये हा ऱ्य साध्या अक्षरात नीट यायचा आणि बोल्डमध्ये फुटायचा. 'शेतकऱ्यांना' लिहिलं की ऱ खाली टिंब आणि पाय मोडलेला असा वेगळा दिसायचा आणि य शेजारी सुटा. मथळे बोल्डमध्येच असतात, त्यामुळे नेमके मथळेच बिघडायचे. दोन वर्षं मी प्रत्येक बिघडलेला मथळा दुसऱ्या फाँटमध्ये करून, त्याचं चित्र करून पानावर चिकटवत होते. मग एक दिवस नवी आवृत्ती आली आणि मथळे सरळ यायला लागले. दुरुस्त करणारा माणूस, म्हणजे तो फाँट सांभाळणारा मेंटेनर, हजारो मैल दूरचा, मराठी न वाचता येणारा, नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारा. त्याला आभाराची चिठ्ठी लिहायला मी बसले आणि पहिला मसुदा असा उतरला:

> आदरणीय सर, आपले आभार मानायला शब्द अपुरे आहेत! आपण आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून मराठी भाषेची जी सेवा करत आहात तिला तोड नाही. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. असंच काम करत राहा. आणि हो, जमल्यास इटॅलिकचंही बघा ना, खूप दिवस वाट बघतोय!

ही चिठ्ठी मी पाठवली नाही. का नाही पाठवली आणि तिच्या जागी काय पाठवलं, ते खाली सांगते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात नवीन असाल आणि कुणाचे तरी आभार मानायचे मनात असेल, तर हाच क्रम तुम्हालाही चालेल. फाँटच्या जागी तुमचा कीबोर्ड, शब्दकोश किंवा पीडीएफ जोडायचं एखादं छोटं साधन घाला.

आधी, नेमकं कशाबद्दल आणि कुणाचे?

'तुमच्या प्रोजेक्टबद्दल धन्यवाद' म्हणणं म्हणजे 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' म्हणण्यासारखं आहे. ते ऐकून सभागृहात कुणीही मान वर करत नाही. म्हणून आधी एक बदल निवडा, ज्यानं तुमच्या कामात फरक पडला. मग तो बदल कुठल्या आवृत्तीत आला आणि कुणी केला, ते शोधा.

बहुतेक प्रोजेक्टमध्ये प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी असते. बरेच मुक्त प्रोजेक्ट जिथे ठेवलेले असतात त्या गिटहबवर ती `Releases` खाली सापडते किंवा `CHANGELOG` नावाच्या फाइलमध्ये. माझ्या फाँटच्या १.४ च्या यादीत एकच ओळ होती, बोल्डमधला ऱ्य दुरुस्त केल्याची, आणि शेजारी इश्यूचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीचा, क्रमांक. त्या क्रमांकावर टिचकी मारली की तक्रार कुणी केली, चर्चा काय झाली आणि शेवटी बदल कुणी केला, हे सगळं उघडतं. एवढं पुष्कळ झालं. यादीच नसेल आणि तुम्हाला टर्मिनलची भीती वाटत नसेल, तर प्रोजेक्टची प्रत उतरवून ही कमांड द्या:

```
git log --format="%h %an %s" v1.3..v1.4
```

१.३ पासून १.४ पर्यंतचे सगळे बदल प्रत्येकी एका ओळीत येतात: खूण, करणाऱ्याचं नाव, काय केलं. आवृत्त्यांची नावं तुमच्या प्रोजेक्टप्रमाणे बदलून घ्या.

इथे नवखा माणूस एका ठिकाणी हमखास चुकतो. ज्याचं नाव मुख्य पानावर आहे त्यानंच सगळं केलं असं तो धरून चालतो. माझ्या बाबतीत बोल्डमधलं हरवलेलं अक्षर रेखाटून जोडलं होतं मेंटेनरनंच, पण दोष मुळात शोधून, दोन्ही अक्षरांची चित्रं शेजारी ठेवून, कुठला क्रम टंकल्यावर काय होतं हे लिहून ठेवलं होतं दुसऱ्याच एका माणसानं. ते लिखाण नसतं तर मराठी न येणाऱ्याला दोष दिसलाच नसता. त्याच्या डोळ्यांना फुटलेला ऱ आणि जुळलेला ऱ दोन्ही सारखेच परके. म्हणून चिठ्ठीत दोघांचीही दखल घ्यायची ठरवली. बदल तपासून मंजूर करणारा तिसरा कुणी असेल तर तोही त्याच पानावर दिसतो.

काम खरोखर बिनपगारी आहे का, हेही एकदा बघून घ्या. काही मुक्त प्रोजेक्टवर कंपन्यांची माणसं पगारावर काम करतात. त्यांचेही आभार मानावेत, पण 'फुकटात एवढं करता' असं त्यांना लिहिलं तर हसू होतं. मेंटेनरच्या ओळखीच्या पानावर बहुतेक वेळा ते लिहिलेलं असतं. नसेल तर पैशांचा विषयच काढू नका, चिठ्ठीचं काही अडत नाही.

कुठे लिहायचं

हा भाग मी थोडा सावकाश सांगणार आहे, कारण चांगल्या मनानं लिहिलेली चिठ्ठी चुकीच्या जागी पडली की तिचा त्रास होतो.

सगळ्यांना पहिली सुचणारी जागा म्हणजे तो मिटलेला इश्यू. खाली रिकामी चौकट असते, 'खूप धन्यवाद!' लिहायचं आणि बटण दाबायचं. पण गिटहबवर इश्यूत कुणीही काही लिहिलं की त्याची सूचना त्या इश्यूत आधी बोललेल्या सगळ्यांना जाते, शिवाय त्या प्रोजेक्टच्या सगळ्या हालचालींवर लक्ष ठेवून असलेल्यांनाही. इश्यू मिटलेला असला तरी जाते. तुमचे दोन शब्द तीस-चाळीस लोकांच्या पेटीत पडतात आणि मेंटेनरला वाटतं, मिटलेला दोष परत उपटला की काय. तो हातातलं सोडून उघडतो आणि आत 'थँक्स' असतं. एकदा ठीक आहे. लोकप्रिय प्रोजेक्टमध्ये हे रोज होतं.

हे गाऱ्हाणं जुनं आहे. जानेवारी २०१६ मध्ये अनेक मोठ्या प्रोजेक्टच्या मेंटेनरांनी मिळून गिटहबला एक खुलं पत्र लिहिलं होतं. त्यातली एक तक्रार हीच, की लोक इश्यूखाली 'माझंही तेच' अशा अर्थी नुसतं `+1` लिहून जातात आणि आमच्या पेट्या भरतात. त्यानंतर त्याच वर्षी मार्चमध्ये गिटहबनं प्रतिसादाची चित्रं आणली: अंगठा, हृदय वगैरे. या चित्राची सूचना कुणालाच जात नाही, आणि त्यातच त्याचा गुण आहे. म्हणून दुरुस्ती जाहीर करणाऱ्या मजकुरावर एक हृदय ठेवून द्या, त्याचा कुणालाही उपद्रव नाही. पण ते मेंटेनरला दिसेलच असं नाही. चिठ्ठीचं काम ते करत नाही.

चिठ्ठीसाठी जागा शोधताना मी या क्रमानं जाते. प्रोजेक्टमध्ये `Discussions` उघडं आहे का ते बघते. मालकानं ते चालू केलेलं असेल तरच दिसतं. असेल तर तिथे बहुधा `Show and tell` नावाचा कप्पा असतो. तुम्ही त्या साधनानं काय केलं ते दाखवायची हीच जागा, आणि चिठ्ठीबरोबर छापलेल्या पानाचा फोटो असेल तर तिथे ती शोभते. नसेल, तर मेंटेनरनं स्वतःच्या ओळखीच्या पानावर ई-मेल दिलाय का ते बघते. स्वतःहून दिलेला पत्ता म्हणजे लिहायची परवानगी, असं मी धरते.

मात्र `git log` मधून पत्ता उकरून काढून त्यावर लिहू नका. तो पत्ता बदलाची नोंद करण्यासाठी असतो, पत्रव्यवहारासाठी नव्हे. बऱ्याच जणांचा तर तिथे `noreply` असलेला पत्ता असतो आणि त्यावर पाठवलेलं पत्र कुणापर्यंतच पोचत नाही. परवान्याच्या मजकुरातल्या पत्त्याचंही तेच. कर्ल हे इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं साधन डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळताहेत. मोटारींच्या पडद्यावर परवान्याच्या मजकुरात त्यांचा ई-मेल दिसतो म्हणून अनोळखी गाडीमालक त्यांना गाडीतल्या बिघाडांबद्दल लिहितात. गाडीशी त्यांचा संबंध एवढाच, की तिच्या आत कुठेतरी कर्ल आहे.

दोन्ही वाटा बंद असतील तर नवा इश्यू उघडून त्यात आभार लिहावेत का? काही प्रोजेक्ट मोकळेपणानं चालेल म्हणतात. बाकी ठिकाणी मी टाळते. उघडा इश्यू म्हणजे कुणीतरी मिटवायचं एक काम, आणि आभाराचा इश्यू मिटवताना माणसाला उगीच अपराधी वाटतं.

तुम्ही डेबियन किंवा त्यावरून निघालेलं लिनक्स वापरत असाल तर आणखी एक वाट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. दोष कळवण्याच्या साधनातच आभाराची सोय आहे:

```
reportbug --kudos fonts-lohit-deva
```

शेवटी पॅकेजचं नाव, इथे लोहित देवनागरी या फाँटचं. यातून जाणारं पत्र त्या फाँटच्या कर्त्याला जात नाही, डेबियनसाठी त्याचं पॅकेज करणाऱ्या स्वयंसेवकाला जातं. लोहित देवनागरीचा आकार आवडला म्हणून इथे लिहाल तर पत्र चुकीच्या घरी पडेल. 'नवी आवृत्ती वेळेवर पॅकेजात आली, एका आज्ञेत बसली' याबद्दल लिहायचं असेल तर घर बरोबर आहे.

काय लिहायचं

आता माझ्या त्या पहिल्या मसुद्याकडे परत जाऊ. त्यात खोटं काहीच नव्हतं. अडचण अशी की तो कुणालाही पाठवता आला असता. फाँटचं नाव नाही, अक्षराचं नाव नाही. 'मराठी' हा एक शब्द काढला तर तोच मजकूर गावच्या सरपंचालाही चालला असता. ही आपली सत्कार समारंभाची भाषा, शाल-श्रीफळाची. तिथे ती शोभते, कारण समोर माणूस बसलेला असतो आणि त्यानं काय केलं ते आधीच्या वक्त्यानं सांगितलेलं असतं. चिठ्ठीत आधीचा वक्ता नसतो.

'जग चाललंय' हे वाक्य तर त्या माणसावर ओझं टाकतं. जो रात्री अकराला जेवण उरकून फाँट उघडतो, त्याला तुझ्यावर जग अवलंबून आहे असं सांगून आपण काय साधतो? 'असंच काम करत राहा' हे आपण किती सहज म्हणतो, पण बिनपगारी माणसाला ती आज्ञाच झाली. उद्या त्याला थांबावंसं वाटलं तर? आणि इटॅलिकच्या वाक्यानं मसुद्याचा पार निकाल लावला. ते आलं की वरचं सगळं प्रस्तावना ठरतं. वाचणाऱ्याच्या मनात 'म्हणजे हे हवं होतं होय' एवढंच उरतं.

मग मला सुचलं की चांगला बग रिपोर्ट आपण कसा लिहितो, तसंच लिहून बघावं. बग रिपोर्टमध्ये आवृत्ती असते, कुठे वापरलं ते असतं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते असतं. आभाराच्या चिठ्ठीतही तेच सगळं असतं, फरक इतकाच की काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे दोन्ही जुळतात. मेंटेनरकडे बातमी फक्त बिघाडाची येते. दुरुस्ती खरोखर लागू पडली का, हे त्याला कुणी कळवत नाही. इश्यू मिटतो, माणसं निघून जातात. माझ्या मेंटेनरचा प्रश्न तर आणखी अवघड होता, कारण लिपीच वाचता येत नसल्यानं आपण केलं ते बरोबर झालं की नाही हे तो स्वतः पडताळू शकत नव्हता. तेव्हा मराठी वाचणाऱ्या माणसानं छापील कागदावर बघून 'बरोबर आहे' म्हणणं ही त्याला कामाची गोष्ट होती.

पाठवली ती चिठ्ठी इंग्रजीत होती. इथे मराठीत देते:

> विषय: १.४ मधल्या बोल्डच्या ऱ्य बद्दल आभार
>
> नमस्कार,
>
> १.४ मध्ये तुम्ही बोल्डमधला ऱ्य दुरुस्त केलात, त्याबद्दल आभार. मी भारतात मराठी छपाईसाठी पानं लावते. आमच्या भाषेत 'शेतकरी' या शब्दाला 'ना' जोडताना हे अक्षर येतं, त्यामुळे आमच्या मासिकाच्या जवळपास प्रत्येक पानावर ते असतं.
>
> मासिक १२ पानांचं, मथळे सुमारे ४०. त्यातले सात-आठ दर महिन्याला दुसऱ्या फाँटमध्ये करून चित्र म्हणून चिकटवावे लागत होते. या महिन्यात एकही लागला नाही.
>
> १४ ते ४८ पॉइंटपर्यंत छापून बघितलं. ऱ आणि य जुळलेले आहेत, वरचा अनुस्वारही कुठे चिकटत नाही. एका पानाचा फोटो जोडला आहे.
>
> इश्यूमध्ये तुम्ही बोल्डची ती रेघ साध्यातून नुसती जाड न करता नव्यानं काढल्याचं लिहिलं होतं. छापल्यावर ते कळतं, लहान आकारातही शाई भरत नाही. ज्यांनी दोन्ही अक्षरांची चित्रं देऊन दोष कळवला त्यांनाही हे सांगावं.
>
> उत्तराची अपेक्षा नाही.

विषयाची ओळ अशी ठेवली कारण पत्र उघडण्याआधीच कळावं की ही तक्रार नाही. आवृत्ती आणि अक्षर पहिल्याच वाक्यात आले. भाषेची माहिती एका वाक्यात दिली, कारण 'बोल्डमधला ऱ्य' त्याच्यासाठी यादीतली एक ओळ होती आणि ती किती वेळा लागते हे त्याला कळायला मार्ग नव्हता. मग आकडे. इथे स्वतःला फसवायचं नाही. मला आधी 'सगळे मथळे' लिहायचा मोह झाला होता. जुना अंक काढून मोजले तर बिघडणारे सात-आठच निघाले, आणि तेवढेच लिहिले. फुगवलेला आकडा कामातल्या माणसाला लगेच कळतो.

चिठ्ठीतला सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेघ नव्यानं काढल्याच्या वाक्यावर. हे वाक्य लिहायला इश्यूची सगळी चर्चा वाचावी लागली, अर्धा तास गेला. त्या माणसानं सोपी वाट सोडून अवघड वाट घेतली होती आणि त्या वाटेचा उपयोग झाला, एवढंच त्यात म्हटलंय. कौतुकाचं एकही विशेषण नाही. 'उत्कृष्ट', 'अप्रतिम' असं काही लेखणीतून उतरायला लागलं की मी थांबते आणि विचारते, हे मला कशावरून कळलं? उत्तर सापडलं तर विशेषणाच्या जागी ते उत्तर लिहिते. सापडलं नाही तर विशेषण खोडते.

भाषेबद्दल एक. मेंटेनर मराठी असेल तर मराठीतच लिहा, 'तुम्ही' म्हणा, 'सर' आणि 'आदरणीय' वगळा. परदेशी असेल तर साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. मराठीतली आभाराची वाक्यं शब्दशः इंग्रजीत नेली की ती पुष्कळ जड होतात. व्याकरणाची चूक राहिली तर काही बिघडत नाही. दुसरं असं की नाव माहीत असेल तर स्पेलिंग तीनदा तपासा.

दोष अर्धाच दुरुस्त झाला असेल तर? समजा बोल्ड सुधारला पण त्याहून जाड वजनात ऱ्य अजून फुटतो. तरी आभाराची चिठ्ठी जे झालं त्यापुरतीच लिहा. उरलेल्या दोषाचा वेगळा इश्यू वेगळ्या दिवशी उघडा, नेहमीच्या पद्धतीनं, चित्रासकट, टंकलेल्या अक्षरांच्या क्रमासकट. देवनागरीत तो क्रम देणं फार महत्त्वाचं, कारण हेच अक्षर लोक दोन तऱ्हांनी टंकतात:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

पहिल्या ओळीत ऱ, पायमोड, य. दुसऱ्या ओळीत साधा र, पायमोड, न दिसणारा जोडक आणि य. ही जुनी पद्धत. पडद्यावर दोन्ही सारखे दिसायला हवेत. एक नीट आणि दुसरा फुटलेला असेल, तर कुठला फुटलाय हे सांगितल्याशिवाय मेंटेनर अंधारात चाचपडतो. पण हे सगळं इश्यूत. चिठ्ठीत 'बाकी छान, फक्त एक राहिलंय' असं वाक्य आलं की ती चिठ्ठी राहत नाही.

गोड बोलून ढकलणं

मागणीला आभारात गुंडाळण्याबद्दल मी एवढी कडक का, याचं एक कारण आहे. एक्सझेड हे फाइली आकसवण्याचं साधन लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः लासे कॉलिन यांनी एकट्यानं सांभाळलं. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्यांच्यावर दबाव यायला लागला, बदल लवकर घ्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला मेंटेनर करा म्हणून. त्यांनी त्या जूनमध्ये लिहिलं होतं की आपली मानसिक प्रकृती बरेच दिवस ठीक नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लक्षात असू द्या. त्याच काळात 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी सौम्यपणे, सातत्यानं मदत करत होतं, आणि त्याला हळूहळू अधिकार मिळाले. २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच नावानं घुसवलेला चोरदरवाजा निघाला. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी खोदून बघितलं आणि २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं.

आभाराच्या दोन चिठ्ठ्या आल्या असत्या तर हे टळलं असतं, असलं काही मी म्हणत नाही. पण तेव्हापासून एकट्यानं काम करणारे मेंटेनर अनोळखी माणसाच्या गोड बोलण्याकडे जरा सावधपणे बघतात, आणि ते बरोबरच आहे. पहिल्याच पत्रात स्तुती आणि पाठोपाठ 'मी काही मदत करू का, मला अधिकार द्या' असं आलं तर शंका यायलाच हवी. नवख्या माणसाला खरोखर मदत करायची असली तरी त्यानं ती आभारापासून लांब ठेवावी. 'पुढची आवृत्ती कधी' हा प्रश्नही तसाच, कितीही लाडानं विचारला तरी.

पैसे द्यायचे असतील तर

थोडक्यात सांगते. गिटहबवर २०१९ पासून प्रायोजकत्वाची सोय आहे. मेंटेनरनं ती घेतली असेल तर पानावर `Sponsor` चं बटण दिसतं. जावास्क्रिप्टसाठी एनपीएमची पॅकेजं वापरणारे `npm fund` ही कमांड देऊन आपल्या प्रोजेक्टखाली कोण कोण पैसे स्वीकारतं ते बघू शकतात. एकदाच आणि थोडे दिले तरी चालतात. मात्र पैसे दिले म्हणून चिठ्ठीतला सूर बदलू देऊ नका. 'मी प्रायोजक आहे' हे वाक्य इश्यूत आलं की शंभर रुपयांत माणूस विकत घेतल्यासारखं वाटतं. बटण नसेल तर पैसे कसे पाठवू असं विचारत बसू नका. ज्याला नको आहेत त्यानं विचारपूर्वक नको म्हटलेलं असतं.

पाठवल्यानंतर

चिठ्ठीत 'उत्तराची अपेक्षा नाही' लिहिलं असेल तर खरंच अपेक्षा ठेवू नका. आठवड्यानं 'मिळालं का?' विचारू नका. नुसता अंगठा आला तर त्यावर 'अहो, धन्यवाद कसले' असा फेरा सुरू करू नका. दारात उभं राहून तासभर निरोप घ्यायची आपली सवय इथे आवरावी लागते.

मला एकोणीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. दोष कळवणाऱ्याला निरोप पोचवल्याचं त्यात होतं, आणि फोटोतले मथळे नव्या आवृत्तीआधीच्या तपासणीत वापरले तर चालतील का, असं विचारलं होतं. आता मागणी त्याच्याकडून आली होती, तेव्हा मी हो म्हटलं आणि ऱ्य असलेले साठ शब्द टंकून पाठवले: शेतकऱ्यांना, दऱ्याखोऱ्यांत, कोऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्यांवरून. साताऱ्याचा सगळ्यात वर ठेवला. आता प्रत्येक आवृत्ती निघण्याआधी ती यादी बोल्डमध्ये छापून बघितली जाते.